न दिसणाऱ्या शत्रूंचा भार

मोबाइलवर लढाईचे खेळ खेळणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा आहे. मोकळ्या माळावर खेळ सुरळीत चाललेला असतो. किल्ल्याचा दरवाजा ओलांडून आत शिरलं, चहूकडून शत्रू धावून आले, की चित्र अडखळायला लागतं. बोट फिरवलं तरी कॅमेरा उशिराने वळतो, वार हुकतो आणि ज्या लढाईसाठी एवढी वाटचाल केली तीच बेचव होते. खेळणारा म्हणतो, माझा फोन जुना झाला. बनवणारा म्हणतो, शत्रू जरा जास्तच ठेवले आपण. खरं कारण बहुतेक वेळा या दोन्हींपेक्षा वेगळं असतं, आणि ते अंदाजाने सापडत नाही.

आधी वेळेचा हिशेब पाहू. सिनेमाची चित्रं आधीच तयार असतात, खेळाची नसतात. प्रत्येक फ्रेम त्या त्या क्षणी नव्याने रचावी लागते. सेकंदाला 60 फ्रेम दाखवायच्या, तर एका फ्रेमच्या वाट्याला साधारण 16.6 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात खेळाडूने काय दाबलं ते वाचायचं, प्रत्येक शत्रूने आता काय करायचं ते ठरवायचं, त्यांचे हातपाय हलवायचे, कोण कुणाला धडकलं ते तपासायचं आणि शेवटी सगळं रंगवून पडद्यावर न्यायचं.

यात एक मेख आहे. 60 हर्ट्झचा पडदा ठरलेल्या तालावरच ताजा होतो, दर 16.6 मिलिसेकंदांनी. एखादी फ्रेम तयार व्हायला 17 मिलिसेकंद लागले, तर ती किंचित उशिराने दिसते असं होत नाही. तिची पाळी हुकलेली असते आणि तिला पुढच्या पाळीपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे 33.3 मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेमची अशी गत झाली की 60 चे थेट 30 होतात. म्हणूनच शत्रू वाढवत नेले तरी खेळ हळूहळू मंदावत नाही. एका संख्येपर्यंत काहीच फरक पडत नाही, आणि आणखी दोन-चार घातले की सगळं एकदम अर्ध्यावर येतं. बनवणाऱ्याला वाटतं की त्या शेवटच्या दोन-चार शत्रूंतच काहीतरी दोष आहे. त्यामुळे या कामात सेकंदाला किती फ्रेम हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागले, ते पाहायचं.

आता एक नमुना खेळ घेऊ. युनिटी इंजिनमध्ये बनवलेला, मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनसाठीचा. जागा डोंगरी किल्ल्याची आणि आत 200 शत्रू. पुढचे आकडे या नमुन्याचे आहेत. फोन बदलला की ते बदलतील, पण दुखण्याची ठेवण अशा खेळांत पुष्कळदा हीच असते. खेळाडू दरवाजातून आत येतो तेव्हा कॅमेऱ्याच्या रोखात सुमारे 60 शत्रू येतात. त्यातले 35 तटबंदीच्या आणि वाड्यांच्या भिंतींमागे आहेत. म्हणजे डोळ्यांना खरोखर दिसतात ते 25. बाकीचे 140 पाठीमागे, बुरुजांवर, खालच्या माचीवर आपापल्या जागी आहेत.

फ्रेमचा वेळ 29 मिलिसेकंदांवर गेला, की पहिला संशय चित्रकारावर जातो. शत्रूंचे पुतळे फार बारकाईने घडवलेत, त्यांचे त्रिकोण कमी करा, पोत हलके करा असं त्याला सांगितलं जातं. हे काम कित्येक दिवस खातं आणि नंतर फ्रेमचा वेळ जवळपास जागच्या जागी राहतो. त्याआधी एक सोपी चाचणी करता येते. खेळाचं रिझोल्यूशन निम्मं करून पाहायचं. चित्र धूसर होतं, रंगवायचे ठिपके खूप कमी होतात. तरीही फ्रेमचा वेळ हलला नाही, तर ठिपके रंगवण्याचं काम गुन्हेगार नाही. आपल्या नमुन्यात वेळ हलत नाही. दुखणं ग्राफिक्स चिपमध्ये नसून मुख्य प्रोसेसरवर आहे, असा संशय घ्यायला एवढं पुरेसं असतं. पुढचा शोध प्रोफायलरने घ्यायचा.

प्रोफायलर म्हणजे फ्रेममधल्या प्रत्येक कामाला किती वेळ लागला याची नोंद ठेवणारं साधन. युनिटीत ते आधीपासूनच असतं. ते वापरताना पहिली खबरदारी अशी की मोजणी खऱ्या फोनवर करायची. खेळाची आवृत्ती तयार करताना `Development Build` आणि `Autoconnect Profiler` या दोन खुणा करायच्या, फोन केबलने संगणकाला जोडायचा आणि किल्ल्याचा दरवाजा गाठायचा. संगणकावर एडिटरमध्येच मोजलं, तर त्यात एडिटरचं स्वतःचं काम मिसळतं आणि संगणकाचा दणकट प्रोसेसर फोनचं दुखणं लपवतो. दुसरी खबरदारी `Deep Profile` या सोयीबद्दल. ती प्रत्येक लहानसहान फंक्शनची नोंद ठेवते, पण नोंद ठेवण्यातच इतका वेळ जातो की आकडे फुगतात. सुरुवात तिच्याविना करावी.

आलेखात उंच गेलेली फ्रेम निवडली, की खाली तिची फोड दिसते. इथे नवखा माणूस हमखास फसतो. यादीत कधी कधी सर्वांत वर `Gfx.WaitForPresentOnGfxThread` किंवा `WaitForTargetFPS` असतं आणि त्याच्यापुढे मोठा आकडा असतो. हे काम नव्हे, ही वाट पाहणं आहे. पहिलं मोठं असेल तर मुख्य धागा आपलं काम उरकून चित्रण पुरं होण्याची वाट पाहत बसलेला असतो. दुसऱ्याचा अर्थ फ्रेम वेळेआधीच तयार झाली, आता पुढच्या पाळीची प्रतीक्षा आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. आपल्या वाईट फ्रेममध्ये यांपैकी कुठलीच प्रतीक्षा नाही. मुख्य धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत कामाने भरलेला आहे, म्हणजे रिझोल्यूशनच्या चाचणीने दाखवलेली दिशा बरोबर होती.

29.2 मिलिसेकंदांची फोड अशी निघते. शत्रूंच्या विचारांचा कोड 11.4, हालचाली म्हणजे ॲनिमेशन 8.2, चित्रणाची तयारी 6.0, टकरींचं गणित 2.1, बाकी किरकोळ 1.5. चित्रकाराला ज्यासाठी धारेवर धरलं, ते चित्रण पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे.

पण खरा पुरावा वेळेच्या रकान्यात नसतो, त्याच्या शेजारी `Calls` नावाच्या रकान्यात असतो. एखादं काम त्या फ्रेममध्ये किती वेळा झालं, हे तिथे कळतं. `EnemyBrain.Update()` या ओळीपुढे 200 लिहिलेलं आहे. डोळ्यांना 25 शत्रू दिसतात आणि विचार 200 करतात. प्रत्येक जण दर फ्रेमला खेळाडूच्या दिशेने अदृश्य किरण सोडून तो दिसतो का ते पाहतो, आणि त्याच्यापर्यंतची वाट नव्याने आखतो. खालच्या माचीवरचा पहारेकरीही सेकंदाला 60 वेळा हेच करू पाहतो. ॲनिमेशनची तीच कथा. कुणीही पाहत नसलेले 140 शत्रू मान वळवतात, पाय उचलतात, भाला सावरतात आणि त्यांचं प्रत्येक हाड प्रत्येक फ्रेमला नव्या जागी बसवलं जातं.

मग चित्रण तेवढं स्वस्त कसं राहिलं? कारण तिथे छाटणी आधीपासून चालू होती. गेम बनवणारे तिला कलिंग म्हणतात. जे पडद्यावर येणारच नाही त्याच्यावरचं काम आधीच सोडून द्यायचं, एवढाच तिचा अर्थ. कॅमेऱ्याला दिसणारा भाग सहा पातळ्यांनी बांधलेला असतो. डावी, उजवी, वरची, खालची, जवळची आणि दूरची. प्रत्येक वस्तूभोवती इंजिन एक कल्पित पेटी धरतं आणि ती पेटी या पातळ्यांच्या पूर्ण बाहेर असेल तर ती वस्तू रंगवायला पाठवतच नाही. याला फ्रस्टम कलिंग म्हणतात आणि युनिटी ते न सांगता करतं. म्हणून 200 पैकी 60 च रंगवायला जातात. मात्र रंगवणं टळलं म्हणजे विचार करणंही टळलं, असं नाही. तो कोड आपण लिहिलेला असतो, आणि तो कधी थांबवायचा ते इंजिनला कसं कळणार?

पहिली दुरुस्ती ॲनिमेशनची. शत्रूच्या `Animator` मध्ये `Culling Mode` नावाची निवड असते आणि आपल्या नमुन्यात ती `Always Animate` वर आहे, म्हणजे दिसो न दिसो, हलत राहा. ती `Cull Completely` वर आणली की जो रंगवला जात नाही त्याचं ॲनिमेशन पूर्ण थांबतं. 200 च्या जागी 60 उरतात आणि 8.2 चे साधारण 2.5 होतात. एका निवडीत 5.7 मिलिसेकंद वाचले.

इथेच पहिला घोटाळाही होतो. धनुर्धारी बाण सोडतो तो क्षण पुष्कळदा ॲनिमेशनमध्येच खूण करून ठेवलेला असतो. हात अमुक जागी आला की बाण सुटतो. ॲनिमेशनच थांबलं तर ती खूण कधी येतच नाही. मग खेळाडूच्या पाठीमागचे धनुर्धारी बाण सोडत नाहीत आणि तो त्यांच्याकडे वळला की नेम धरायला लागतात. चाचणी करणारा सांगतो की खेळ अचानक सोपा झाला, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. अशा शत्रूंसाठी `Cull Update Transforms` ही मधली निवड आहे. तिच्यात हालचालींचा क्रम आणि त्यातल्या खुणा चालू राहतात, फक्त हाडं प्रत्यक्ष जागेवर बसवण्याचं काम टळतं. बचत कमी होते, पण बाण सुटतात. ॲनिमेशनच्या जोरावर पुढे सरकणाऱ्या शत्रूंचंही तसंच. पूर्ण छाटणीत ते नजरेआड जागच्या जागी उभे राहतात.

दुसरी दुरुस्ती विचारांची, आणि ती जास्त विचार करून करावी लागते. दिसत नाही त्याला झोपवून टाकावं, असं चालत नाही. भिंतीमागे दबा धरून बसलेला शत्रू दिसत नसला तरी त्याने तयार असायला हवं. चित्रणाची छाटणी नजरेवरून करता येते, विचारांची छाटणी अंतर पाहून करावी लागते. शिवाय दूरच्यांनाही पूर्ण बंद करायचं नसतं, त्यांची पाळी फक्त लांबवायची असते:

```csharp
void Update()
{
    Vector3 gap = player.position - transform.position;
    bool near = gap.sqrMagnitude < 25f * 25f;
    waited += Time.deltaTime;
    bool myTurn = (Time.frameCount + id) % 10 == 0;
    if (!near && !body.isVisible && !myTurn) return;
    Think(waited);
    waited = 0f;
}
```

खेळाडूपासून 25 मीटरच्या आतला किंवा रंगवला जाणारा शत्रू दर फ्रेमला विचार करतो, बाकीचे दहा फ्रेममधून एकदा. माचीवरच्या पहारेकऱ्याला सेकंदाला सहा वेळा विचार करणं भरपूर झालं. अंतर मोजताना वर्गमूळ काढलेलं नाही. वर्गाचीच वर्गाशी तुलना केली आहे, कारण ही तपासणी स्वतः स्वस्त असायला हवी. 25 मीटरच्या आतले जवळपास सगळे समोरच्या 60 मध्येच आहेत असं धरलं, तर दर फ्रेमला ते 60 आणि उरलेल्या 140 मधले 14 विचार करतात. 11.4 चे 4.2 होतात.

यातल्या दोन गोष्टी सुटल्या की नवे दोष येतात. पहिली, `id`. प्रत्येक शत्रूला वेगळा क्रमांक दिला नाही तर सगळ्या 140 जणांची पाळी एकाच फ्रेमला येते. सरासरी सुधारलेली दिसते, खेळ मात्र ठरावीक अंतराने गचके खातो. प्रोफायलरच्या आलेखात दर दहावी फ्रेम फणीच्या दातासारखी वर आलेली दिसली, की हाच दोष समजावा. दुसरी, `waited`. दहा फ्रेममधून एकदा जागा होणाऱ्या शत्रूने फक्त शेवटच्या फ्रेमपुरतं अंतर कापलं, तर तो दहापट हळू चालतो. मदतीला निघालेली तुकडी पोचतच नाही. म्हणून मधल्या फ्रेमचा वेळ साठवून तो एकदम त्याच्या हवाली करावा लागतो.

कामाची पाळी लावणं ही युक्ती नवी नाही. 1978 साली जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स बनवला. त्यात 55 परग्रहवासी ओळीने चालून येतात. त्या यंत्रातला प्रोसेसर एका फ्रेमला त्यांच्यातल्या एकालाच सरकवायचा, त्यामुळे सगळ्यांची एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ एक सेकंद लागायचा. जसजसे ते मरत, तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि त्यांचा वेग वाढे. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, आणि शेवटच्या एकट्या शत्रूचा तो वेग त्या खेळाची ओळख बनला.

आपल्या नमुन्यात आता फ्रेम 16.3 मिलिसेकंदांवर आली आहे. कागदावर ती मर्यादेत बसते. प्रत्यक्षात यावर समाधान मानू नये, कारण आणखी एखादा स्फोट झाला की पाळी पुन्हा हुकणार. उरली ती भिंतींमागच्या 35 जणांची बाब. ते कॅमेऱ्याच्या रोखात आहेत, त्यामुळे फ्रस्टम कलिंग त्यांना सोडत नाही. त्यांना भिंतीमागे रंगवलं जातं, त्यांची हाडं हलवली जातात आणि वरून भिंत येते. यासाठी ऑक्लूजन कलिंग वापरतात, म्हणजे आडोशामागचं छाटणं. तटबंदी आणि वाडे न हलणारे आहेत असं युनिटीला सांगून हिशेब आधीच करून ठेवायचा. कुठून पाहिलं असता कोणता भाग झाकला जातो याची नोंद खेळाबरोबर जाते. आडोसा स्थिर हवा, पण झाकला जाणारा शत्रू हलता चालतो. याचा फायदा दुहेरी होतो. चित्रण 6.0 वरून 4.3 वर येतं. शिवाय ॲनिमेशनची छाटणी रंगवलं जातं की नाही यावरच चालत असल्यामुळे तेही 2.5 वरून 1.0 वर उतरतं. तपासणीचा स्वतःचा खर्च 0.4 धरला तरी फ्रेम 13.5 मिलिसेकंदांत तयार होते. आता तीन मिलिसेकंदांची उसंत आहे.

आधी हिशेब करून ठेवण्याच्या या कल्पनेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1996 चा क्वेक. आयडी सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅक आणि मायकेल ॲब्रॅश यांनी त्याचं चित्रण अशा याद्यांवर उभारलं. प्रत्येक नकाशावर आधी `vis` नावाचा प्रोग्रॅम चालवायचा, आणि तो प्रत्येक जागेसाठी तिथून दिसू शकणाऱ्या जागांची यादी करून ठेवायचा. मला त्याहून आवडतो तो त्या यादीचा दुसरा उपयोग. क्वेकमधले राक्षस खेळाडू दिसतो का हे पाहण्याआधी, आपण त्या यादीत तरी आहोत का हे विचारून घेत. नसतील, तर पुढची महाग तपासणी होतच नसे. चित्रणासाठी केलेल्या छाटणीचा फायदा त्यांनी विचारांनाही मिळवून दिला होता.

छाटणी नीट लागली की नाही, हे पुन्हा प्रोफायलरच्या वेळेच्या रकान्यात पाहायचं. प्रत्येक दुरुस्तीनंतर एकदा मोजायचं. तीन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कळत नाही. आकडा अपेक्षेइतका उतरला नाही, तर दोन ठिकाणी पाहावं. एक म्हणजे सावल्या. संध्याकाळच्या देखाव्यात शत्रू पडद्याबाहेर असला तरी त्याची लांब सावली आत पडू शकते, आणि सावली रंगवायची असेल तर युनिटी त्याला दिसणाऱ्यांतच धरतं. सावल्यांचं अंतर कमी केलं की संख्या खाली येते. दुसरं ठिकाण एडिटर. तिथे काम करायच्या खिडकीलाही स्वतःचा कॅमेरा असतो, आणि त्याला शत्रू दिसत असेल तर तोही दिसणाराच ठरतो. छाटणी चालतच नाही असा गैरसमज पुष्कळदा यातून होतो.

उलट्या बाजूची चूकही ओळखता आली पाहिजे. शत्रू पडद्याच्या कडेला अजून दिसत असताना अचानक नाहीसा झाला, तर त्याच्याभोवतीची कल्पित पेटी लहान पडली आहे. उगारलेला भाला किंवा मोठी उडी तिच्याबाहेर जाते. पेटी मोठी करावी, छाटणी बंद करू नये. आणि खेळाडू एकदम मागे वळला की नजरेआडचे सगळे एकाच फ्रेममध्ये जागे होतात. ती एक फ्रेम उंच जाते, म्हणून मोजताना गोल वळूनही पाहावं.

छाटणीची हद्दही स्पष्ट आहे. 200 शत्रू खरोखरच मोकळ्या मैदानात समोरून चाल करून आले, तर छाटायला कुणी उरतच नाही. तिथे दूरच्यांसाठी कमी त्रिकोणांचे पुतळे, लांबच्या रांगांसाठी कमी वेळा हलणारी हाडं, एकसारख्या शत्रूंचं एकत्र चित्रण असे वेगळे उपाय लागतात, आणि प्रत्येकाची किंमत चित्राच्या दर्जात मोजावी लागते. छाटणीचं तसं नाही. ती नीट केली तर खेळणाऱ्याच्या वाट्याचं काहीच कमी होत नाही, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

असा खेळ बनवत असाल तर एवढं करा. तुमच्या खेळाडूंकडे असणाऱ्यांपैकी सर्वांत स्वस्त फोन घ्या. त्यावर खेळ दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, कारण फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि गार फोनवरची मोजणी खोटी ठरते. मग सर्वांत गर्दीच्या जागी उभे राहा आणि `Calls` रकान्यातला आकडा समोर दिसणाऱ्या शत्रूंच्या संख्येशी ताडून पाहा. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर चित्रकाराला हात लावायला सांगण्याआधी तुमचा कोड उघडा.